सेव्ह केले, तरी जुनाच आकडा: रेप्लिका लॅगचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण दूध संकलन केंद्रांसाठी सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या एका लहान कंपनीचे आहे. ओळख पटू नये म्हणून नावे, गावे आणि काही आकडे बदलले आहेत. घटनांचा क्रम आणि तांत्रिक कारणे मात्र आहेत तशीच ठेवली आहेत. मी त्या टीमसोबत डेटाबेस सल्लागार म्हणून काम करत होतो.

गावातल्या संस्थेत सकाळ-संध्याकाळ दूध येते. प्रत्येक सभासदाचे लिटर, फॅट आणि एसएनएफ, म्हणजे दुधातले फॅट सोडून उरलेले घन पदार्थ, ऑपरेटर नोंदवतो, दरपत्रकानुसार रक्कम निघते आणि दर दहा दिवसांनी बिल होते. चुकीची नोंद पुसून नवी लिहायची सोय मुद्दामच ठेवलेली नव्हती. हिशेब तपासताना माग राहावा म्हणून दुरुस्ती फरकाच्या रूपात घातली जाई. ८.४ लिटर चुकून पडले आणि खरे ६.४ असतील, तर ऑपरेटर उणे २ ची दुरुस्ती नोंद करी आणि यादीत बेरीज होऊन ६.४ दिसे. हा तपशील पुढे फार महत्त्वाचा ठरला.

डेटाबेस पोस्टग्रेस होता. सगळे लेखन प्रायमरीवर, म्हणजे मुख्य सर्व्हरवर, होई. वाचनाचा भार वाटून घेण्यासाठी तिची एक प्रत, म्हणजे रेप्लिका, होती आणि अॅप्लिकेशनमध्ये सरसकट नियम होता: लिहायचे असेल तर प्रायमरी, वाचायचे असेल तर रेप्लिका. प्रायमरी आपला प्रत्येक बदल आधी वॉल या नोंदवहीत लिहिते. तीच नोंदवही सतत रेप्लिकेकडे जाते आणि रेप्लिका ती क्रमाने स्वतःवर लागू करते. हे काम असिंक्रोनस होते, म्हणजे प्रायमरी कमिट करताना, बदल पक्का करताना, रेप्लिकेसाठी थांबत नव्हती. एरवी हे अंतर, म्हणजे लॅग, काही मिलिसेकंदांचे असे आणि कुणाच्या ते लक्षातही येत नसे.

समस्या

पहिल्या तक्रारी सपोर्टकडे आल्या त्या अशा: "साहेब, दुरुस्ती केली, सेव्ह झाले म्हणून हिरवी पट्टी आली, पण यादीत आकडा तोच दिसतोय." सपोर्टने नेट हळू असेल, पेज रिफ्रेश करा असे सांगितले. थोड्या वेळाने आकडा खरोखर बरोबर दिसू लागे, त्यामुळे तक्रार तिथेच बंद होई. डेव्हलपरांनी दुपारी ऑफिसात तेच करून पाहिले तेव्हा काहीच चुकीचे दिसले नाही. दुपारी लॅग नव्हताच.

खरे नुकसान बिलाच्या दिवशी उघडे पडले. एका सभासदाने आपले दोन लिटर दूध कमी धरल्याचे सांगितले. नोंद उघडली तर ८.४ वर उणे २ ची दुरुस्ती दोनदा पडलेली आणि बेरीज ४.४. ऑपरेटरचे वागणे अगदी रास्त होते. त्याने दुरुस्ती केली, पडद्यावर ८.४ च दिसले, म्हणून त्याने ती पुन्हा केली. समोर रांग लागलेली असताना तो पाच मिनिटे वाट पाहत बसणार नव्हता.

इथे प्रश्नाचे स्वरूपच बदलले. तोपर्यंत टीमच्या लेखी हा दिसण्यातला दोष होता, क्षणभर जुना आकडा दिसतो आणि मग सुधारतो. पण जुना आकडा पाहून माणूस पुढचे लेखन करतो, तेव्हा ती चूक प्रायमरीत उतरते आणि रेप्लिका कितीही वेगाने मागून आली तरी ती सुधारत नाही.

लॅग नेमका कुठे होता

मॉनिटरिंगच्या आलेखात लॅग जवळपास शून्य दिसत होता. आलेख कशाचा आहे ते पाहिल्यावर कारण कळले. प्रायमरीवरची चालू स्थिती आणि रेप्लिकेला पाठवलेली स्थिती यांतला फरक तो काढत होता, म्हणजे फक्त पाठवण्यातला उशीर. नेटवर्क उत्तम होते, म्हणून आलेखही उत्तम. सकाळी साडेसहाच्या सुमारास प्रायमरीवर ही क्वेरी चालवून पाहिली:

```sql
SELECT application_name, sent_lsn, flush_lsn,
       replay_lsn, replay_lag
FROM pg_stat_replication;
```

एलएसएन म्हणजे वॉलमधला पत्ता. तो पुढे पुढेच जात असतो, त्यामुळे दोन पत्त्यांची तुलना करून कोण मागे आहे ते कळते. `sent_lsn` आणि `flush_lsn` प्रायमरीच्या बरोबरीने पळत होते. `replay_lsn` मात्र एकाच जागी खिळलेला होता आणि `replay_lag` वाढत चालला होता. बदल रेप्लिकेच्या डिस्कवर पोहोचले होते, पण लागू होत नव्हते.

का होत नव्हते, याचे उत्तर एका जुन्या निर्णयात होते. शीतकरण केंद्राचे व्यवस्थापक रोज सकाळी मागच्या महिन्याचे तुलनात्मक अहवाल काढत. अशी एक क्वेरी रेप्लिकेवर तीन-चार मिनिटे चाले. कधीकाळी ती मध्येच तुटत असे आणि लॉगमध्ये हे येई:

```
ERROR:  canceling statement due to conflict with recovery
DETAIL:  User query might have needed to see row versions that must be removed.
```

प्रायमरीवर ओळीच्या जुन्या आवृत्त्यांची साफसफाई झाली की तिची नोंदही वॉलमधून रेप्लिकेकडे येते. रेप्लिकेवर त्याआधी सुरू झालेली क्वेरी चालू असेल, तर तिला त्या जुन्या आवृत्त्या लागू शकतात. मग दोनच मार्ग उरतात: क्वेरी तोडायची किंवा वॉल लागू करणे थांबवायचे. किती वेळ थांबायचे हे `max_standby_streaming_delay` ठरवते. त्याचे मूळ मूल्य ३० सेकंद असते. अहवाल तुटू नयेत म्हणून कुणीतरी ते पाच मिनिटे केले होते. अहवालांच्या तक्रारी थांबल्या आणि सेटिंग विस्मरणात गेले.

यातल्या दोन गोष्टी टीमला नव्या होत्या आणि अनेकांना असतात. पहिली, या संघर्षासाठी अहवालाने तेच टेबल वाचत असण्याची गरज नाही. पोस्टग्रेस फक्त क्वेरीचा स्नॅपशॉट, म्हणजे तिला दिसणारे डेटाचे चित्र, किती जुना आहे ते पाहते. त्यामुळे मागच्या महिन्याची बिले वाचणारी क्वेरी आजच्या संकलनाच्या टेबलातल्या साफसफाईला अडवू शकते. दुसरी, ही साफसफाई केवळ ऑटोव्हॅक्यूम ही पार्श्वभूमीतली प्रक्रियाच करते असे नाही. रोजच्या वाचन-लेखनाच्या ओघातही पोस्टग्रेस एखादे पान हाताशी आले की त्यातल्या मृत ओळी काढून टाकते. प्रत्येक सभासदाच्या दुधागणिक केंद्राच्या एकूण बेरजेची ओळ अपडेट होत होती. म्हणजे सकाळी सहा ते आठ मृत ओळींचा आणि त्यांच्या साफसफाईचा ओघ चालूच असे. नेमक्या त्याच वेळी अहवाल चालत.

रेप्लिकेवरच्या `pg_stat_database_conflicts` मध्ये आकडे नगण्य होते. तो व्ह्यू फक्त तुटलेल्या क्वेरी मोजतो. पाच मिनिटांची सवलत मिळाल्यावर क्वेरी तुटतच नव्हत्या, त्यांच्यासाठी वॉल थांबून राहत होता. पोस्टग्रेस १४ पासून `log_recovery_conflict_waits` हे सेटिंग आहे. ते सुरू केल्यावर असे थांबणे लॉगमध्ये येऊ लागले आणि वेळा अहवालांच्या वेळांशी जुळल्या.

विचारात घेतलेले पर्याय

पहिली सूचना सर्वांत सोपी होती: सगळे वाचन प्रायमरीवर न्या. सकाळच्या दोन तासांत प्रायमरीचा सीपीयू आधीच तापलेला असे, आणि अहवालही तिकडेच गेले असते. दोन दिवसांचा तात्पुरता उपाय म्हणून चालले असते, कायमचे नाही.

दुसरी सूचना सिंक्रोनस रेप्लिकेशनची होती. `synchronous_commit` ला `remote_apply` हे मूल्य दिले की रेप्लिकेवर बदल लागू होईपर्यंत प्रायमरीचे कमिट परतत नाही, म्हणजे सेव्ह झाले की रेप्लिकेवरही दिसणारच. कागदावर हे अचूक उत्तर आहे आणि बैठकीत बहुतेकांचा कल याच बाजूला होता. पण इथे लॅगचे कारण कळलेले असण्याचा फायदा झाला. रेप्लिका चार मिनिटे वॉल लागू करत नसेल, तर या सेटिंगखाली सेव्हचे बटण चार मिनिटे फिरत राहील. रांगेतल्या ऑपरेटरला जुना आकडा दिसण्याऐवजी काहीच दिसणार नाही. शिवाय एकच रेप्लिका सिंक्रोनस ठेवली आणि ती बंद पडली, तर सगळी केंद्रे अडकतील. जुना आकडा वाचण्याचा प्रश्न सोडवायला लेखन अडवणे या ठिकाणी चुकीचे होते.

तिसरी सूचना होती चिकटून राहण्याची: कुणी काही सेव्ह केले की पुढचे दहा सेकंद त्याचे वाचन प्रायमरीवर पाठवायचे. हे अर्ध्या दिवसात करता येते आणि बऱ्याच ठिकाणी पुरते. पण दहा सेकंद आले कुठून? सरासरी लॅगवरून. सरासरी दिवसभराची होती आणि तक्रारी सकाळच्या त्या काही मिनिटांच्या. पाच मिनिटे चिकटवले, तर सकाळी सतत लिहिणारी सगळीच केंद्रे कायम प्रायमरीवर राहतील, म्हणजे फिरून पहिल्याच पर्यायावर येऊ.

चौथा पर्याय घड्याळाऐवजी एलएसएन वापरण्याचा होता. सेव्ह झाल्यावर प्रायमरीचा पत्ता जपून ठेवायचा. पुढचे वाचन करताना रेप्लिका त्या पत्त्यापर्यंत पोहोचली आहे का, असे तिलाच विचारायचे. पोहोचली असेल तर तिथेच वाचायचे, नसेल तर प्रायमरीकडे जायचे. यात किती सेकंद हा अंदाज लागतच नाही. रेप्लिका ठीक असेल तेव्हा भार तिच्यावरच राहतो आणि मागे पडली तरच प्रायमरीवर येतो.

केलेली कारवाई

सर्वांत आधी नुकसान थांबवायचे ठरले आणि माझ्या मते या प्रकरणातला हा सर्वांत चांगला निर्णय होता. वाचन कुठून होते याला हात लावण्याआधी दुरुस्तीच्या फॉर्ममध्ये मूळ नोंदीचा आवृत्ती क्रमांक घातला. दुरुस्ती घालताना त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये हे चाले:

```sql
UPDATE nond SET revision = revision + 1
WHERE id = 48213 AND revision = 7;
```

एकही ओळ बदलली नाही, तर ऑपरेटरने पाहिलेली नोंद जुनी होती. मग ट्रान्झॅक्शन मागे घ्यायचे आणि प्रायमरीवरून ताजी नोंद दाखवून सांगायचे की या नोंदीत आधीच दुरुस्ती झाली आहे. एवढ्याने लॅग कमी झाला नाही, तक्रारीही थांबल्या नाहीत. पण जुना आकडा दिसला तरी तो पैशांत उतरणे बंद झाले, आणि पुढचे काम घाईविना करता आले.

मग एलएसएनचे काम घेतले. ते दिसते तितके सरळ नाही. पहिल्या मसुद्यात पत्ता `COMMIT` च्या आधी, ट्रान्झॅक्शनमध्येच घेतलेला होता. रिव्ह्यू करणाऱ्या सहकारी मॅडमनी तो अडवला. कमिटची स्वतःची नोंद वॉलमध्ये त्या पत्त्यानंतर येते. रेप्लिका जपलेल्या पत्त्यापर्यंत पोहोचली, पण कमिटपर्यंत पोहोचली नाही, असे होऊ शकते. तेव्हा तपासणी हो म्हणेल आणि ओळ मात्र दिसणार नाही. म्हणून पत्ता कमिट झाल्यावर `pg_current_wal_insert_lsn()` ने घ्यायचा. वाचताना रेप्लिकेवर ही तपासणी होते:

```sql
SELECT pg_last_wal_replay_lsn() >= '3/7A0012C8'::pg_lsn;
```

ही तपासणी आणि खरे वाचन एकाच कनेक्शनवर व्हायला हवे. पुढे रेप्लिका दोन झाल्या आणि मध्ये लोड बॅलन्सर आला, तर एकीला विचारून दुसरीकडे वाचले जाईल. तसेच ती `REPEATABLE READ` ट्रान्झॅक्शनच्या आत करायची नाही. तिथे स्नॅपशॉट पहिल्याच विधानाला घेतला जातो, म्हणजे तपासणीचे उत्तर आपल्या स्नॅपशॉटनंतरचे असू शकते. तपासणी आधी, ट्रान्झॅक्शन नंतर.

जपलेला पत्ता कुणाच्या नावावर ठेवायचा, यावर बरीच चर्चा झाली. सर्वसाधारण पद्धत सेशनची आहे, ज्याने लिहिले त्यालाच ताजे दिसावे. पण संस्थेत ऑपरेटर संगणकावर दुरुस्ती करतो आणि शेजारी बसलेले सचिव मोबाइलवर तीच यादी उघडून खात्री करतात. "अहो, मला तर जुनेच दिसतेय" हे वाक्य त्यांच्याकडूनच जास्त येत होते. म्हणून पत्ता संस्थेच्या नावावर रेडिस या मेमरीतल्या वेगवान साठ्यात ठेवला, दहा मिनिटांच्या मुदतीसह. याची किंमत अशी की सकाळी जवळपास प्रत्येक संस्थेचा पत्ता ताजा असतो आणि रेप्लिका अडली की सगळ्या संस्था एकदम प्रायमरीकडे वळतात. त्यामुळे ही तपासणी सगळ्या पडद्यांना लावली नाही. प्रत्येक पडद्यासाठी एकच प्रश्न विचारला: हा आकडा पाहून कुणी काही लिहिणार आहे का? दुरुस्तीचा फॉर्म, चालू सत्राची यादी आणि बिल मंजुरी, या तिघांना तपासणी लावली. आलेख, मागील महिने आणि सभासदाचे खातेदर्शन रेप्लिकेवरच राहिले.

एवढ्यावर काम संपेल असे वाटत असताना एसएमएसचा प्रश्न आला. दुरुस्तीनंतर सभासदाला जाणाऱ्या संदेशात कधी कधी जुनेच लिटर असत, तेही दुपारी, लॅग मिलिसेकंदांचा असताना. संदेश पाठवणारा वर्कर, म्हणजे पार्श्वभूमीत चालणारा प्रोग्राम, नोंदीचा आयडी घेऊन रेप्लिकेवरून आकडा वाचत होता. माणसाला पुढचे पान उघडायला एखादा सेकंद तरी लागतो, वर्कर त्याहून फार आधी पोहोचतो. त्याला सेशनही नसते आणि कुकीही नसते. इथे एलएसएन जॉबसोबत पाठवता आला असता, पण टीमने त्याहून साधा मार्ग घेतला. लिटर आणि रक्कम सेव्ह करतानाच जॉबमध्ये घातली, वाचनाची गरजच उरली नाही.

लॅगच्या मुळाचे काय, हा निर्णय शेवटी झाला. अहवालांसाठी दुसरी रेप्लिका उभी केली. तिथे पाच मिनिटांची सवलत तशीच ठेवली, कारण मागच्या महिन्याच्या अहवालाला पाच मिनिटांपूर्वीचा डेटा चालतो. पडद्यांच्या रेप्लिकेवर `max_standby_streaming_delay` पाच सेकंदांवर आणले आणि क्वेरीला मिळणारी कमाल वेळ ठरवणारा `statement_timeout` त्याहून कमी ठेवला. तिथे इतकी लांब क्वेरी चालायलाच नको, असा त्याचा अर्थ.

निष्पत्ती

दुहेरी पडलेल्या दुरुस्त्या शोधायला एकाच नोंदीवर, तेवढ्याच फरकाच्या, पाच मिनिटांच्या आत पडलेल्या जोड्या काढल्या. त्या आपोआप उलटवल्या नाहीत, कारण दोनदा केलेली दुरुस्ती कधी कधी खरीही असते. प्रत्येक जोडी संस्थेच्या कागदी रजिस्टरशी ताडून सचिवांच्या संमतीने उलटी नोंद घातली आणि झालेल्या बिलांचा फरक पुढच्या बिलात दिला. कागदी रजिस्टर नसते, तर सभासदाच्या शब्दावरच हा हिशेब मिटवावा लागला असता.

त्यानंतरच्या बिलांत नवी दुहेरी दुरुस्ती सापडली नाही. आवृत्ती क्रमांकाची अडवणूक सुरुवातीच्या सकाळी बऱ्याचदा झाली आणि एलएसएनची तपासणी आल्यावर जवळपास थांबली. आता ती होते तेव्हा बहुधा खरोखर दोन माणसे एकाच नोंदीवर काम करत असतात. मॉनिटरिंगमध्ये आता `replay_lag` चे प्रत्येक मिनिटातले कमाल मूल्य काढले जाते, सरासरी नाही. तपासणीत नापास होऊन प्रायमरीकडे वळलेल्या वाचनांचीही वेगळी मोजणी आहे. रेप्लिका आजारी पडली की ती रेघ आलेखाच्याही आधी वर जाते.

वेगळे काय करता आले असते

दुसरी रेप्लिका घेण्याआधी `hot_standby_feedback` चा विचार झाला होता. त्यात रेप्लिका आपली सर्वांत जुनी क्वेरी कोणती ते प्रायमरीला कळवते आणि प्रायमरी तेवढी साफसफाई लांबवते. वॉल अडत नाही, पण मृत ओळी प्रायमरीत साचतात. अहवाल काढणारे काही जण ट्रान्झॅक्शन उघडे ठेवून तासन् तास उठून जात, या भीतीने पर्याय सोडला. माझे मत आजही असे आहे की रेप्लिकेवर `idle_in_transaction_session_timeout` लावून हा पर्याय आधी वापरून पाहायला हवा होता. चार मिनिटांच्या क्वेरीने साचणारा कचरा या आकाराच्या डेटाबेसला जड गेला नसता आणि एका यंत्राचा मासिक खर्च वाचला असता. टीमची बाजू अशी की अहवाल आणि पडदे वेगळे झाल्याने दोघांची सेटिंग्ज एकमेकांच्या आड येत नाहीत. त्यातही तथ्य आहे.

दुसरी गोष्ट चाचणीची. दुपारी ऑफिसात दोष दिसला नाही म्हणून तो काही आठवडे नेटच्या माथी मारला गेला. चाचणीच्या रेप्लिकेवर एवढीशी ओळ घातली असती, तर तो पहिल्याच दिवशी दिसला असता:

```
recovery_min_apply_delay = '20s'
```

हे सेटिंग प्रत्येक कमिट मुद्दाम वीस सेकंद उशिरा लागू करते. सेव्ह करून लगेच वाचणारा प्रत्येक पडदा आणि प्रत्येक वर्कर त्यात उघडा पडतो. नंतर स्टेजिंगवर, म्हणजे चाचणीच्या सर्व्हरवर, ते कायमचे सुरू ठेवले, आणि एसएमएससारखेच आणखी एक प्रकरण, बिलाची पीडीएफ बनवणारा वर्कर, ग्राहकापर्यंत जाण्याआधी तिथेच सापडला.

एक प्रश्न अजून उघडा आहे. प्रायमरी पडली आणि रेप्लिकेला बढती दिली, तर शेवटचे काही बदल पोहोचलेले नसू शकतात, आणि रेडिसमधला पत्ता नव्या प्रायमरीच्याही पुढचा असू शकतो. तेव्हा तपासणी नापास होत राहते आणि वाचन प्रायमरीवर जाते, म्हणजे चूक सुरक्षित बाजूला होते. पण बढतीच्या धावपळीत नव्या प्रायमरीवर जास्तीचा भार पडतो. सध्या बढतीच्या कार्यसूचीत रेडिसमधले पत्ते पुसण्याची पायरी आहे आणि ती हाताने करावी लागते. ती आपोआप व्हावी यावर टीमचे काम चालू आहे.